फोटोतलं पान, बांधीतला धान

फोटो मीच काढला होता. भाद्रपदात एका दुपारी वाऱ्यासकट जोराचा पाऊस झाला आणि त्यानंतर काही दिवसांनी आमच्या वरच्या बांधीतला, म्हणजे वरच्या खाचरातला, धान टोकाकडून पिवळा पडायला लागला. पानाचं शेंड्याकडचं टोक वाळल्यासारखं, मग दोन्ही कडांनी पिवळी पट्टी खाली उतरत आलेली, मध्ये मात्र हिरवं. मी एक पान तोडलं, तळहातावर पसरलं आणि नवऱ्याच्या फोनमधल्या शेतीच्या ॲपवर त्याचा फोटो टाकला. एक गोल फिरला आणि उत्तर आलं. जिवाणूजन्य करपा. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं की हा रोग पाण्यातून आणि वाऱ्या-पावसातून वेगानं पसरतो. त्याखाली औषधांची नावं होती, त्यात पहिलं तांब्याचं.

मी धुऱ्यावरच, बांधीच्या मातीच्या कडेवर, बसले. धान पोटरीवर येत होता. लोंबी बाहेर पडायच्या आधीचे हे दिवस. आता पानं गेली तर दाणा कुठून भरणार?

आमची शेती पायऱ्यापायऱ्यांची आहे. वर दोन बांध्या, हलक्या रेताड मातीच्या. त्यांचं पाणी मधल्या बोडीत उतरतं. बोडी म्हणजे शेतातलंच लहानसं तळं. आम्ही मासेमारी करणारे लोक, त्यामुळे आमच्या बोडीत रोहू-कतल्याची पिल्लं असतात. दरवर्षी पावसाळ्यात सोडतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर काढतो. बोडीतून पाणी खालच्या बांधीत जातं आणि खालच्या बांधीच्या धुऱ्याला ठेवलेल्या तोंडातून पुढे शेजाऱ्याच्या बांधीत. शेजाऱ्याच्या पलीकडे आणखी तिघांच्या बांध्या आहेत, मग नाला, मग जंगल. एका बांधीचं पाणी दुसरीत, दुसरीचं तिसरीत. आमच्याकडे धान असाच पिकतो.

हे शेजारी म्हणजे गावच्या नात्यानं माझे भासरे, नवऱ्याच्या मोठ्या भावाच्या जागी. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत आले. माणूस तापट, पण मदतीला पुढे. त्या वर्षी रोवणीच्या वेळी आमचे पऱ्हे, म्हणजे लावायची रोपं, कमी पडले, तेव्हा त्यांनीच आपल्याकडच्या उरलेल्या पेंढ्या दिल्या होत्या. त्या आम्ही खालच्या बांधीत लावल्या.

घरी आल्यावर नवऱ्याला फोनवरचं उत्तर दाखवलं. तो जाळं विणत बसला होता. त्यानं दोनदा वाचलं आणि म्हणाला, "ग्रुपवर टाकतो. कोणाजवळ औषध असन तर सांगतीन."

मी नको म्हणेपर्यंत त्यानं टाकलंही होतं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. गावाच्या ग्रुपवर आम्ही हरवलेल्या बकरीपासून लाईट कधी येणार इथपर्यंत सगळं विचारतो.

संध्याकाळच्या आत भासरे आमच्या अंगणात उभे होते. त्यांच्या मागे खालच्या बांध्यांवाले दोघं. कोणी खाटेवर बसलं नाही.

"हे खरं हाय का?" त्यांनी फोन पुढे केला. आमचाच फोटो, माझ्या तळहातावरचं पान.

"ॲपनं सांगतलं तसं," नवरा म्हणाला.

"मंग पाण्यातून पसरते म्हणून बी त्यानंच सांगतलं. तुमचं पाणी माह्या बांधीत येते. माह्यातलं यायच्या बांधीत जाते."

मागचा एक जण म्हणाला, "आम्ही का करावं मंग? पाहत राहावं?"

"औषध मारा," भासरे म्हणाले. "उद्याच मारा. तुमच्याच्यानं होत नसन तर माहा पंप हाय, मी येतो."

नवरा मान हलवायच्या बेतात होता. मला ते दिसलं. गावाशी वाकडं नको, हे त्याचं नेहमीचं. मी आतून म्हटलं, "वरच्या बांधीत तांब्याचं औषध मारलं आणि पाऊस आला, तर ते सगळं बोडीत उतरन. मासोळी मरन."

मग भासरे माझ्याकडे न बघता नवऱ्याला म्हणाले, "तुमची मासोळी वाचावी म्हणून आमचा धान जाऊ द्यावा का?"

ते गेले. त्यांच्या चालण्यावरूनच मला कळलं की उद्या काहीतरी होणार.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर आल्यावर आम्ही शेतात गेलो. त्याआधी आमच्या बाजूला कोणी जात नाही. जंगलाच्या कडेला वाघाचा वावर आहे, तेव्हा ऊन पडल्यावर जायचं, दोघा-तिघांनी मिळून जायचं आणि उन्हं कलायच्या आत परतायचं. खालच्या बांधीपाशी पोचलो तर पाण्याचं तोंड बुजवलेलं. माती, गवत, वर दगड, सगळं नीट ठोकून. आमचं पाणी अडलं होतं आणि बांधीत चढत होतं.

नवऱ्यानं फावडं उचललं, मग खाली ठेवलं. "खोलू का?"

"खोललं तर भांडण होईन."

"नाई खोललं तर धान बुडन."

मी पुन्हा वरच्या बांधीत गेले. मनात एक गोष्ट टोचत होती. मी दुसरं पान घेतलं, तसंच दिसणारं, आणि या वेळी सावलीत धरून फोटो काढला. ॲपनं या वेळी करपा सांगितला, पण वेगळा. बुरशीचा. औषधही वेगळं. तिसऱ्या पानाला पुन्हा जिवाणूचा. एकाच बांधीतली, शेजारशेजारच्या चुडांवरची, धानाच्या झुबक्यांवरची पानं. मी बोटानं पडदा खाली सरकवत गेले. अगदी तळाला बारीक अक्षरांत होतं की फवारणीपूर्वी स्थानिक कृषी तज्ज्ञाकडून खात्री करून घ्यावी. ग्रुपवर जो फोटो फिरत होता त्यात ही ओळ आलीच नव्हती. तो वरच कापला गेला होता.

आमच्या बचत गटाच्या बायांना उन्हाळ्यात कृषी विज्ञान केंद्रात रोपवाटिकेचं शिक्षण दिलं होतं. तिथे पिकांच्या रोगांच्या एक मॅडम होत्या. त्यांचा नंबर माझ्याजवळ होता, पण कधी लावला नव्हता. मी तिन्ही फोटो त्यांना पाठवले आणि लिहिलं की ॲप दोन रोग सांगतं, गावात पाणी अडवलं आहे, फवारू का?

थोड्या वेळानं त्यांचा फोन आला. मला वाटलं होतं त्या औषधाचं नाव सांगतील. त्यांनी उलट मलाच विचारायला सुरुवात केली.

"हे पान झाडाच्या खालचं आहे की वरचं?"

मी आठवायला लागले. हाताला लागेल ते तोडलं होतं.

"सगळ्या बांधीत सारखं आहे की कुठेकुठे ठिगळासारखं? कडेला जास्त की मध्ये? सकाळी दव असताना पानांवर पिवळसर मण्यासारखे थेंब दिसतात का?"

"सकाळी इकडे कोणी येत नाई मॅडम. वाघ हाय."

"बरं. फोटो बघून मलाही जिवाणूचाच रोग वाटतो आहे, पण वाटणं वेगळं. टोकाकडून आणि कडांनी पिवळं पडायला दुसरी कारणंही असतात. मी उद्या येते. तोवर काही फवारू नका. आणि युरिया टाकायचा राहिला असेल तर थांबवा."

युरियाचं पोतं घरी येऊन पडलं होतं. त्याच आठवड्यात टाकायचं होतं. पिवळं दिसलं की आम्ही युरिया टाकतो, तेच माहीत. मी नवऱ्याला थांबायला सांगितलं. तो म्हणाला, "मॅडमलेबी तोच रोग वाटते ना? मंग थांबायचं काऊन?"

मला त्याला नीट समजावता आलं नाही. फक्त वाटत होतं की जी बाई स्वतःच्या डोळ्यांवर लगेच विश्वास ठेवत नाही, तिच्यासाठी एक दिवस थांबावं.

तो दिवस मात्र सरता सरेना. आभाळ भरून येत होतं. दुपारी भासरे पंप पाठीवर घेऊन आले, बरोबर त्यांचा जावई पाण्याच्या कॅना घेऊन. ते थेट वरच्या बांधीकडे निघाले. मी बोडीच्या पारीवर, काठाच्या बांधावर होते, वाट तिथूनच जाते. मी वाटेतून हलले नाही.

"बाई, बाजूले व्हा."

डोक्यावरचा पदर सावरला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्याकडे सरळ बघून बोलले. "भाऊजी, उद्या मॅडम येऊन राह्यल्या. त्यायनं पाहू द्या. त्यायनं मारा म्हटलं तर मी सोता पाणी भरून देईन."

"उद्यापर्यंत रोग थांबते का?"

"आभाळ पाहा. आज मारलं तर रात्री धुऊन जाईन. पानावर राहणार नाई, बोडीत जाईन."

जावयानं वर बघितलं. भासऱ्यांनी नाही बघितलं. त्यांचा चेहरा रागाचा नव्हता, हे मला त्या वेळी जवळून दिसलं. तो घाबरलेल्या माणसाचा होता. त्यांची सगळी बांधी आमच्या खाली होती आणि वरून काय येतं आहे हे त्यांना फोनच्या एका चित्रावरून कळलं होतं.

"उद्या दुपारपर्यंत," ते म्हणाले. "मंग मी कोणाले विचारणार नाई."

पंप त्यांनी परत नेला नाही. बांधीच्या कडेला, मोहाच्या झाडाखाली ठेवला आणि गेले. मी बोडीत हात बुडवून तोंड धुतलं. पाण्यावर पिल्लांची हालचाल दिसत होती, बारीक बारीक वर्तुळं. पाऊस सांजेला आला आणि गेला. खालच्या बांधीत पाणी आणखी चढलं.

मॅडम सांगितल्यापेक्षा उशिरा आल्या. रस्त्यावर झाड पडलं होतं म्हणे. तोवर धुऱ्यावर भासरे, त्यांचा जावई आणि खालचे दोघं येऊन बसले होते. नवरा लांब उभा होता. मी सारखी रस्त्याकडे बघत होते आणि सावली कुठे सरकते तेही. त्यांची मोटरसायकल दिसली तेव्हा एक जण म्हणाला, "आल्या." त्यात आनंद नव्हता.

त्यांनी पायातले बूट काढले, सलवार वर खोचली आणि कोणाशी फार न बोलता वरच्या बांधीत उतरल्या. पानं तोडली नाहीत. आधी एका चुडाजवळ वाकून बराच वेळ बघत राहिल्या. मग दहा-बारा पावलं पुढे जाऊन पुन्हा. चूड फाकवून बुंधा बघितला, तिथे तुडतुडे आहेत का ते. आम्ही सगळे काठावर. शेवटी त्यांनी मला हाक मारली, "ताई, इकडे या. भाऊ, तुम्हीही या."

भासरे चिखलात उतरले.

"हे बघा. पिवळी पानं कोणती आहेत?"

मी बघितलं. सगळी खालची, जुनी पानं. वरची नवी पानं हिरवी होती. हे मी आधी बघितलं नव्हतं. बघितलं असेल, पण लक्षात आलं नव्हतं.

"आणि बांधीभर जवळजवळ सारखं आहे. एका जागी जास्त, एका जागी काहीच नाही, असं नाही. फोटोत एक पान दिसतं. ते कोणत्या उंचीवरचं, त्याच्या शेजारी काय चाललंय, हे फोटोत येत नाही. त्यात मी पण फसले."

"मंग रोग नाई?" जावयानं विचारलं.

"थांबा. स्वच्छ पाणी आहे का? बोडीतलं नको, प्यायचं."

मी घरून आणलेल्या बाटलीतलं पाणी दिलं. त्यांनी पिशवीतून एक काचेचा ग्लास काढला, पुसला आणि भरला. मग पानाचा पिवळा आणि हिरवा भाग जिथे मिळतो तिथला तुकडा पात्यानं कापला आणि त्याचं कापलेलं टोक पाण्यात बुडवून धरलं. "जिवाणू असतील तर कापलेल्या जागेतून दुधासारखा धागा खाली उतरतो. थोडा वेळ लागतो."

आम्ही सगळे त्या ग्लासावर वाकलो. मॅडमनी तो भासऱ्यांच्या काळ्या छत्रीसमोर धरला, म्हणजे पांढरं काही निघालं तर दिसेल. पाणी नितळच राहिलं. त्यांनी दुसरं पान कापलं, दुसऱ्या चुडाचं. तेही नितळ. तिसरंही.

"इथे जिवाणूचा रोग दिसत नाही," त्या म्हणाल्या. "माती रेताड आहे, युरिया दरवर्षी पडतो, पोटॅश पडत नाही. जुन्या पानांच्या कडा अशा वाळतात. त्यात वाऱ्यानं टोकं फाटली. माती तपासून घ्या, पण तोवर इथे औषधाची गरज मला दिसत नाही."

मी भासऱ्यांकडे बघितलं. ते ग्लासाकडेच बघत होते. मग सावकाश म्हणाले, "खालच्या बांधीत पाहा मॅडम. वरचं राहू द्या. माह्या धुऱ्याले लागून जे हाय ते पाहा."

मला वाटलं, हा माणूस आता हट्टाला पेटला आहे. पण मॅडमनी लगेच ग्लासातलं पाणी फेकलं, ग्लास पुसला आणि निघाल्या.

खालच्या बांधीत गुडघाभर पाणी साचलं होतं. भासऱ्यांच्या धुऱ्याच्या कोपऱ्याशी त्या थांबल्या आणि तिथे त्यांचा चेहरा बदलला. मी मागेच होते, मला दिसलं. पिवळेपणा तोच होता, पण ठिगळासारखा, एका जागी जास्त आणि तिथून पसरल्यासारखा. आणि वरच्या पानांवरसुद्धा. पिवळ्या-हिरव्याच्या मधली रेघ सरळ नव्हती, लाटेसारखी वाकडीतिकडी होती. त्यांनी पान उलटं करून, तिरकं धरून बघितलं. कडेला वाळलेले बारीक पिवळे कण होते. "हे ते मणी. वाळलेले," त्या म्हणाल्या.

ग्लास पुन्हा भरला. पानाचा तुकडा बुडवला. काही वेळ काहीच झालं नाही आणि मी मनात म्हणत होते की होऊ नये. मग कापलेल्या टोकातून एक फिकट धागा निघाला, हलत हलत खाली गेला, तळाशी धुरासारखा पसरला. त्याच्या मागे दुसरा.

नवऱ्यानं टोपी काढली आणि पुन्हा घातली. सगळ्या गावासमोर मी दोन दिवस अडून बसले होते आणि रोग आमच्या शेतात होताच. फोटो ज्या पानाचा होता त्यात नव्हता. ज्या कोपऱ्याचा कोणी फोटोच काढला नव्हता तिथे होता.

"मी म्हटलंच होतं," खालच्यांपैकी एक म्हणाला.

मॅडमनी विचारलं, "या कोपऱ्यातले पऱ्हे आणि वरचे एकच का?"

मी सांगितलं. कमी पडले होते, यांनी दिले. लांब झाले होते म्हणून लावायच्या आधी शेंडे छाटले.

मॅडमनी मान हलवली आणि धुऱ्यापलीकडे बघितलं. "भाऊ, तुमच्या बांधीतलं एक पान घेऊ?"

भासऱ्यांनी लगेच हो म्हटलं नाही. जावई म्हणाला, "आपल्यात काही नाई, मी कालच पायलं." भासऱ्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग स्वतःच धुरा ओलांडून गेले आणि पाणी येण्याच्या बुजवलेल्या तोंडापासून लांबचं, आपल्या बांधीच्या मधलं एक पान तोडून आणलं. ते त्यांनी मॅडमच्या हातात दिलं.

धागा बारीक होता. पण होता.

ते धुऱ्यावर बसले. "मंग हे माह्याकडून तिकडे गेलं म्हणायचं का?"

"ते मी सांगू शकत नाही," मॅडम म्हणाल्या. "बियाण्यातून आलं असेल, छाटलेल्या शेंड्यांतून शिरलं असेल, वादळात पानं घासून फाटली तेव्हा वाऱ्या-पावसानं आलं असेल. इकडून तिकडे की तिकडून इकडे, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. मी सुद्धा एवढंच सांगते की हे जिवाणू आहेत. पानावरच्या खुणा बघता हा कडा करपाच दिसतो, ॲपनं जिवाणूजन्य करपा म्हटलं तोच. धागा दुसऱ्या एका जिवाणूच्या रोगातही निघतो, म्हणून नमुना प्रयोगशाळेत पाठवते. पण करायचं ते आजच करा."

"कोणतं औषध?" भासरे उठत म्हणाले. नजर मोहाखालच्या पंपाकडे गेली.

"आधी पाणी. हे साचलेलं पाणी काढा. तोंड बुजवून ठेवलंत ते या बांधीला सगळ्यात वाईट. पण ते उघडून तुमच्यात सोडायचंही नाही, आणि खालच्यांच्यात तर नाहीच. नाल्यापर्यंत बाजूनं काढता येईल का? औषधाचा या रोगावर मोठा भरवसा नाही, आणि पाऊस तोंडावर असताना तर नाहीच नाही. युरिया थांबवा. पोटॅश द्या, ते वर पण चालेल, इथे पण. आजारी बांधीतून चांगल्या बांधीत जाऊ नका, गेलात तर पाय आणि विळे धुऊन जा."

नाल्यापर्यंत बाजूनं काढायचं म्हणजे भासऱ्यांच्या जमिनीच्या कडेतून चर खणावी लागणार होती. धुऱ्याला लागून त्यांनी तूर लावली होती, ती जाणार होती. हे त्यांनाच मागायचं होतं आणि मागायचं कोणी, हा प्रश्न होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात भासऱ्यांनी फावडं उचललं.

"तूर जाईन तर जाईन," ते म्हणाले. "पण चर माह्या बांधीच्या तोंडावरून नाई, कडेनंच. पाणी माह्यातलं बी त्यातच काढू."

ढग वर आले होते आणि उन्हं कलायच्या आत निघायचं होतं. आम्ही सगळे खणायला लागलो. ज्या दोघांना दोन दिवस आमच्याकडे बघायचं नव्हतं तेही. मॅडम पिशवीत पानं कागदात गुंडाळून ठेवत होत्या आणि मधूनमधून रस्त्याकडे बघत होत्या, त्यांना जंगलातून परत जायचं होतं. त्यांना निघा म्हटलं तर त्या म्हणाल्या, "पाणी चाललेलं बघून जाते." चर नाल्याला मिळाली तेव्हा पहिले थेंब पडत होते. आमचं पाणी गढूळ होऊन कडेनं वाहायला लागलं. भासऱ्यांनी आपल्या बांधीचं दुसरं तोंड फोडलं आणि तेही त्यात सोडलं. मग आम्ही एकमेकांना हाका मारत, एकत्र घोळक्यानं, गावाकडे निघालो.

त्या रात्री पाऊस जोराचा झाला. मला झोप नव्हती. वरची बांधी भरून बोडीत पाणी उतरत असणार, हे मला घरात पडल्या पडल्या कळत होतं. त्या पाण्यात पावसाशिवाय काही नव्हतं.

प्रयोगशाळेचं उत्तर आलं तोवर धान निसवला होता, लोंब्या बाहेर पडल्या होत्या. कडा करपाच होता. खालच्या कोपऱ्यातल्या लोंब्या उभ्याच राहिल्या, दाणे पोचट. तिथलं फारसं हाती लागलं नाही. बाकीच्या बांधीत रोग रेंगाळला, पण पुढे सरकला नाही. वरच्या दोन बांध्या बऱ्या पिकल्या. भासऱ्यांचं थोडं गेलं, मधल्या भागातलं. खालच्या तिघांच्यात काहीच गेलं नाही. चरीमुळे वाचलं की मुळात पोचलंच नव्हतं, हे कोणी सांगू शकत नाही. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मलाही माहीत नाही."

मळणीच्या वेळी भासरे आमच्या खळ्यावर आले होते. पोचट दाणे मुठीत घेऊन त्यांनी फुंकर मारली आणि ते उडून जाताना बघत राहिले. मग नवऱ्याऐवजी मला म्हणाले, "बाई, फोन खोटा नाई बोलला. पण ज्या पानावर बोलला त्याच्यावर खोटा बोलला." मी हसले. एवढ्या वर्षांत त्यांच्यासमोर मी हसले नव्हते.

पुढच्या वर्षी आम्ही दोघांनी बियाणं बदललं. पऱ्हे वेळेवर लावले, शेंडे छाटले नाहीत. ॲप आम्ही काढून टाकलं नाही. उलट गावातल्या बाया आता फोटो कसा काढायचा हे एकमेकींना सांगतात. आधी सगळी बांधी लांबून, मग अख्खं झाड, मग बुंधा, मग खालचं पान आणि वरचं पान वेगवेगळं, दोन्ही बाजूंनी. ॲप काय सांगतं ते बघायचं आणि तेच सगळे फोटो मॅडमना पाठवायचे. बऱ्याच वेळा त्या फोनवरच सांगतात की घाबरण्यासारखं नाही. कधी म्हणतात, येते.

मागच्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. आता नवे साहेब आहेत, चांगले आहेत, पण त्यांच्याकडे गावं जास्त. या वर्षी पुन्हा पानांवर काहीतरी आलं आहे, लांबट तपकिरी ठिपके, मध्ये राखाडी. ॲपनं क्षणात नाव सांगितलं आणि औषधही. मी फोटो पाठवले आहेत. साहेब म्हणाले, परवा येतो, तोवर थांबा. काल भासऱ्यांनी धुऱ्यावरून हाक मारून विचारलं, "आले का साहेब?" मी नाही म्हटलं. त्यांनी ठीक आहे अशी मान हलवली आणि आपल्या बांधीत वाकून खालची पानं बघायला लागले.